बॅटरी संपली, व्हिडिओ उघडेना: दुरुस्तीला पैसे किती द्यावेत?

शूटिंग चालू असताना कॅमेरा अचानक बंद पडतो. बॅटरी बदलून पाहावं तर शेवटची फाइल कॅमेऱ्यात दिसत नाही, संगणकावर दिसते पण उघडत नाही. दुकानात नेली की काउंटरवरचा माणूस म्हणतो, ‘फाइल करप्ट आहे, डेटा रिकव्हरी करावी लागेल, आठ-दहा हजार होतील.’ बहुतेक लोक इथेच पैसे मोजतात, कारण आत साखरपुडा असतो, आजोबांची मुलाखत असते किंवा पुन्हा होणार नाही असा प्रयोग असतो. पण यातल्या बऱ्याच प्रकरणांत डेटा हरवलेलाच नसतो, त्यामुळे ‘रिकव्हरी’ करण्यासारखं काही नसतं. हरवलेला असतो तो इंडेक्स. तो पुन्हा तयार करणं हे वेगळं आणि बरंच स्वस्त काम आहे. आपलं काम या दोहोंपैकी कोणतं, हे दुकानाची पायरी चढण्याआधी घरीच कळू शकतं.

आजचे बहुतेक कॅमेरे एमपी४ किंवा एमओव्ही फाइल बनवतात. दोन्हींची रचना सारखीच आहे. सुरुवातीला फाइलचा प्रकार सांगणारा छोटा तुकडा असतो, त्याला `ftyp` म्हणतात. मग `mdat` नावाचा प्रचंड मोठा भाग येतो, ज्यात चित्र आणि आवाज एकापाठोपाठ ओतलेले असतात. तिसरा भाग `moov`, म्हणजे इंडेक्स. कोणती फ्रेम फाइलमध्ये कुठे सुरू होते, किती बाइटची आहे, किती वेळ दाखवायची, आवाजाचा कोणता तुकडा तिच्याबरोबर वाजवायचा, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. काही कॅमेरे त्यासाठी सुरुवातीलाच जागा राखून ठेवतात, काही तो शेवटी जोडतात. पण भरतात मात्र बहुतेक शेवटीच, कारण रेकॉर्डिंग संपेपर्यंत फ्रेम किती होणार हे कॅमेऱ्यालाही ठाऊक नसतं. स्टॉपचं बटण दाबल्यावर कार्डाचा लाल दिवा क्षणभर लुकलुकतो, तेव्हा हेच काम चाललेलं असतं. बॅटरी त्याआधी गेली, तर गोदामात पोती रचलेली आहेत पण वहीत एकही नोंद नाही, अशी फाइलची अवस्था होते.

खरं तर बॅटरी हळूहळू उतरली तर असं सहसा होत नाही. चार्ज संपत आला की कॅमेरा स्वतःच रेकॉर्डिंग थांबवतो, फाइल नीट बंद करतो आणि मग झोपतो. घोळ होतो तो जुन्या, दमलेल्या किंवा स्वस्तातल्या बॅटरीत. पडद्यावर एक-दोन रेघा दिसत असतात आणि व्होल्टेज एकदम कोसळतं, त्यामुळे कॅमेऱ्याला आवरायला वेळच मिळत नाही. भिंतीतल्या प्लगवरून चालणारी नकली बॅटरी वापरताना वायर सुटली, तरी हेच होतं.

आता पहिलं काम. कार्ड काढून त्याच्या कडेचं लॉकचं बटण खाली सरकवा. मायक्रोएसडी असेल तर ते अडॅप्टरमध्ये घालून अडॅप्टरचं बटण सरकवा. मगच ते कार्ड संगणकाला लावा. विंडोज बऱ्याचदा विचारतं, कार्डात गडबड आहे, स्कॅन करून दुरुस्त करू का? इथे ‘नाही’ म्हणा. त्या दुरुस्तीचा व्हिडिओशी काही संबंध नसतो. ती कार्डाचा फक्त हिशेब जुळवते आणि त्या भरात अर्धवट फाइलचे तुकडे `.CHK` नावाच्या फाइलींत विखरून ठेवते. ‘फॉरमॅट करा’ असं म्हणालं तरी नाहीच. त्या कार्डावर नवं शूटिंग तर अजिबात करू नका. कार्यक्रम अजून चालू असेल तर दुसरं कार्ड लावा, ते काही शे रुपयांत मिळतं. बिघडलेल्या कार्डावर काढलेली पाच मिनिटं जुन्या व्हिडिओच्या नेमक्या मधोमध जाऊन बसू शकतात.

मग फाइल शोधा आणि तिचा आकार पाहा. पुढचा सगळा खर्च या एका आकड्यावर ठरतो. अर्धवट फाइलीला नेहमी `.MP4` हेच नाव असेल असं नाही. कॅननच्या कार्डावर ती `.DAT` म्हणून, पॅनासॉनिकच्या कार्डावर `.MDT` म्हणून आणि सोनीच्या अलीकडच्या कॅमेऱ्यांत `.RSV` म्हणून सापडते. एक्स्टेन्शन बदलून `.MP4` केल्याने काही साधत नाही, पण ही फाइल म्हणजेच आपलं शूटिंग आहे हे तरी कळतं.

एक प्रकरण तपशिलाने सांगतो. सांगलीतल्या एका हौशी नाट्यसंस्थेने आपल्या प्रयोगाचं चित्रीकरण कॅननच्या साध्या डीएसएलआरवर केलं. दुसरा अंक संपत आला असताना कॅमेरा बंद पडला. बॅटरी बाजारात मिळणारी पर्यायी होती आणि दोन वर्षं वापरलेली. 64 जीबीच्या कार्डावर पहिल्या अंकाच्या फाइली ठीक होत्या, पण शेवटी `MVI_0412.DAT` नावाची 5.4 जीबीची फाइल पडली होती. दुकानदाराने आठ हजार अधिक 18 टक्के जीएसटी, म्हणजे 9,440 रुपये सांगितले, त्यातले निम्मे आगाऊ. संस्थेच्या चिटणीसबाई थांबल्या आणि त्यांनी फाइल मला दाखवली.

मी आधी गणित केलं. फुल एचडी, सेकंदाला 25 फ्रेम, या सेटिंगला तो कॅमेरा सुमारे 30 मेगाबिट प्रतिसेकंद वेगाने लिहितो. आठने भागलं की सेकंदाला पावणेचार मेगाबाइट, म्हणजे मिनिटाला साधारण 225. 5.4 जीबीला 225 ने भागल्यावर 24 मिनिटं येतात. बाईंच्या आठवणीप्रमाणे अंक सुरू होऊन कॅमेरा बंद पडेपर्यंत पंचवीसेक मिनिटं झाली होती. म्हणजे शूटिंग जवळपास सगळं कार्डावर होतं. हे गणित कोणालाही करता येतं. आपल्या कॅमेऱ्याचा वेग माहीत नसेल तर त्याच दिवसाची चांगली चालणारी फाइल घ्या आणि तिच्या आकाराला तिच्या मिनिटांनी भागा. मिनिटाचा दर हाती येतो.

त्यानंतर फाइलची प्रत संगणकावर घेतली. यापुढचं सगळं काम प्रतीवर करायचं, कार्ड बाजूला ठेवून द्यायचं. मग एफएफएमपेग या मोफत संचातल्या तपासणीच्या आज्ञेने फाइलला विचारलं:

```
ffprobe MVI_0412.DAT
```

उत्तर आलं `moov atom not found`. हे वाक्य पडद्यावर दिसलं की निम्मं निदान झालं. इंडेक्स नाही, एवढंच त्यातून कळतं. आत चित्र आहे की नाही, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी एचएक्सडी या मोफत प्रोग्रॅममध्ये फाइल उघडली. हा प्रोग्रॅम फाइलमधले बाइट जसेच्या तसे दाखवतो. पहिल्याच ओळीत `ftyp` अक्षरं दिसली. मग फाइलच्या मधोमध आणि शेवटाकडे जाऊन पाहिलं, तर सगळीकडे गिचमीड आकडे-अक्षरं होती. गिचमीड दिसणं ही चांगली बातमी आहे, कारण दाबून लहान केलेला व्हिडिओ असाच दिसतो. ओळींमागून ओळी नुसते `00 00 00` दिसले असते, तर तेवढ्या भागात चित्र पोचलेलंच नाही असा अर्थ होता. शून्यांतून चित्र कोणीही काढू शकत नाही, मग फी आठ हजार असो की ऐंशी.

इथपर्यंत खर्च शून्य रुपये आणि वेळ अर्धा तास.

कॅमेरा स्वतः दुरुस्ती करतो का, हे प्रत हाती आल्यावर पाहावं. कार्डाचं लॉक काढायचं, कार्ड त्याच कॅमेऱ्यात घालायचं, पूर्ण चार्ज असलेली बॅटरी लावायची आणि कॅमेरा सुरू करायचा. गोप्रो अर्धवट फाइल ओळखून दुरुस्तीचं चिन्ह दाखवतो, बटण दाबलं की काम सुरू होतं. डीजेआयच्या ड्रोनमध्येही कार्ड पुन्हा घालून ते सुरू ठेवलं की अशी दुरुस्ती होऊ शकते. सोनीचे कॅमेरे कधीकधी इमेज डेटाबेस दुरुस्त करू का, असं विचारतात. हे कॅमेऱ्याचंच काम असल्याने जमलं तर याहून चांगली दुरुस्ती नाही. मात्र या वेळी कॅमेरा कार्डावर लिहितो, म्हणून प्रत आधी. गोप्रोवाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. बऱ्याच मॉडेलांत लांब रेकॉर्डिंग 4 जीबीच्या तुकड्यांत साठतं आणि बिघडतो तो सहसा फक्त शेवटचा तुकडा. आधीचे तुकडे चालवून पाहण्याआधी दुकानदाराशी पूर्ण शूटिंगचा भाव ठरवू नका.

सांगलीच्या कॅमेऱ्याने काहीच विचारलं नाही. म्हणून पुढचा मार्ग घेतला तो `untrunc` या मोफत, मुक्त स्रोत प्रोग्रॅमचा. त्याला दोन फाइली लागतात: एक बिघडलेली आणि एक चांगली. चांगली फाइल त्याच कॅमेऱ्याची आणि त्याच सेटिंगची हवी. रिझोल्यूशन, फ्रेमचा वेग, चित्राचा प्रकार, आवाजाचं सेटिंग, सगळं तेच. याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. चित्र उलगडण्याच्या किल्ल्या, म्हणजे रुंदी-उंची किती, दाबणी कोणत्या पद्धतीची, हे एमपी४ मध्ये सहसा `moov` मध्येच असतं आणि तोच तर गेलेला असतो. प्रोग्रॅम त्या किल्ल्या चांगल्या फाइलमधून उचलतो. मग बिघडलेल्या फाइलच्या सुरुवातीपासून चालत निघतो. चित्राच्या प्रत्येक तुकड्याच्या आधी त्याची लांबी लिहिलेली असते, ती वाचून पुढच्या तुकड्यावर उडी मारतो, मधला आवाज ओळखून वेगळा करतो आणि शेवटी या सगळ्याचा नवा इंडेक्स लिहितो. म्हणूनच पहिल्या अंकाची फाइल इतकी मोलाची होती. ती पुसून टाकली असती तर त्याच सेटिंगवर दोन-तीन मिनिटांचं नवं रेकॉर्डिंग करून तीही गरज भागवता आली असती, फक्त दुसऱ्या कार्डावर. आज्ञा एका ओळीची आहे, आधी चांगली फाइल आणि मग बिघडलेली:

```
untrunc MVI_0409.MP4 MVI_0412.DAT
```

नावात `_fixed` असलेली नवी फाइल तयार होते. ती मूळ फाइलएवढीच असते, तेव्हा डिस्कवर तेवढी जागा मोकळी ठेवा. सांगलीचं काम काही मिनिटांत झालं. 23 मिनिटं आणि काही सेकंदांचा अंक मिळाला. शेवटचे काही क्षण कार्डावर पोचलेच नव्हते, तेवढे गेले. फाइल उघडली म्हणून काम झालं, असं मात्र समजू नका. सुरुवात, मध्य आणि शेवट अशा तीन ठिकाणी माणसाचे ओठ आणि शब्द जुळतात का ते पाहा. इथे शेवटाकडे आवाज किंचित पुढे धावत होता. संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये आवाजाची पट्टी थोडी ताणून तो जुळवला. आवाज हा या दुरुस्तीचा कच्चा दुवा आहे. चित्राच्या तुकड्यांना लांबीची खूण असते, पण न दाबलेल्या पीसीएम आवाजाला कसलीच खूण नसते, नुसते आकडे. सोनीचे कॅमेरे बऱ्याचदा असाच आवाज लिहितात, म्हणून तिथे मोफत साधनाने कधी चित्र येतं आणि आवाज खरखरतो, किंवा काम मध्येच अडकतं. पैसे खर्च करायची पाळी खरी येते ती इथे.

पैशांचे प्रकार तीन आणि ते एकमेकांत मिसळू द्यायचे नाहीत. पहिला, दुरुस्तीचं विकतचं सॉफ्टवेअर. यांचा परवाना साधारण काही हजार रुपयांना येतो, बऱ्याचदा वर्षाच्या वर्गणीवर. पैसे भरण्याआधी दुरुस्त झालेला व्हिडिओ चालवून दाखवणारंच सॉफ्टवेअर घ्या. स्टेलरसारख्या कंपन्या ही सोय मोफत देतात, फाइल साठवायची तेव्हा पैसे मागतात. आपली फाइल त्या खिडकीत चालली नाही, तर पैसे भरल्यावरही चालणार नाही. वर्गणी आपोआप पुन्हा सुरू होण्याचा पर्याय पैसे भरताना लगेच बंद करा. एका फाइलीसाठी दरवर्षी पैसे जाणं हा या व्यवहारातला नेहमीचा फटका आहे.

दुसरा प्रकार, दुरुस्ती करून देणारा माणूस. फाइलचा आकार बरोबर आहे आणि आत शून्यं नाहीत, अशा कामाला दीड ते पाच हजार हा भाव मला रास्त वाटतो. पीसीएम आवाज, 4के, तासाभराची फाइल असेल तर त्यातली वरची बाजू. कारण मग माणूस खरोखर बसून काम करतो, नुसता प्रोग्रॅम चालवत नाही. यासाठी कार्ड द्यायची गरजही नसते. फाइलची प्रत आणि चांगली फाइल पेनड्राइव्हवर द्या. चांगली फाइल मागत नाही तो एक तर हे काम जाणत नाही, किंवा त्याने अजून फाइल पाहिलेली नाही.

तिसरा प्रकार म्हणजे खरी डेटा रिकव्हरी. फाइलचा आकार शून्य दिसतो किंवा फाइल दिसतच नाही, कारण कॅमेऱ्याला कार्डाच्या यादीत आकार लिहायलाही वेळ मिळाला नाही. अशी फाइल कॉपी करून काही मिळत नाही. पूर्ण कार्डाची बाइट-बाय-बाइट प्रतिमा घ्यावी लागते, विंडोजवर विन३२ डिस्क इमेजरने ती घरीही घेता येते. मग त्या प्रतिमेत `ftyp` शोधून तिथून पुढचा भाग कापायचा आणि त्याचा इंडेक्स वरच्याच पद्धतीने बांधायचा. म्हणजे दोन कामं झाली, म्हणून भाव तीन ते दहा हजारांपर्यंत जातो आणि तो समजण्यासारखा आहे. शूटिंगआधी कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट केलेलं असेल तर व्हिडिओ कार्डावर बहुधा सलग पडतो आणि काम सोपं होतं. महिनोन्महिने पुसून-पुसून वापरलेल्या कार्डावर तो तुकड्यांत विखुरतो, आणि कोणता तुकडा कोणाचा हे सांगणारी यादीच नसते. कार्ड संगणकाला दिसतच नसेल, तर चिपपर्यंत पोचावं लागतं. ते काम प्रयोगशाळेचं. त्याचे आकडे दहा हजारांपासून सुरू होऊन बरेच वर जातात. वाचण्याची खात्री तिथेही नसते. हे सगळे भाव गावागणिक आणि दुकानागणिक बदलतात, पण तीन पायऱ्यांचं परस्परप्रमाण असंच राहतं.

काही मार्गांवर वेळ घालवू नका. व्हीएलसी फाइल दुरुस्त करतो असं अजून सांगितलं जातं. ते जुन्या एव्हीआय फाइलींबाबत खरं होतं. एमपी४ मध्ये `moov` नसेल तर त्यालाही वाट सापडत नाही. फॉरमॅट बदलणारे कन्व्हर्टरही फाइल आधी उघडू पाहतात, तिथेच थांबतात. ऑनलाइन दुरुस्तीच्या संकेतस्थळांवर फाइल चढवायला लागते. 20 मेगाबिटच्या अपलोडवर 5.4 जीबीला सुमारे 36 मिनिटं, 15 जीबीला पावणेदोन तासांच्या आसपास लागतात. शिवाय घरच्या लग्नाचं चित्रण अनोळखी सर्व्हरवर जातं, ते वेगळं.

दुकानात द्यायचंच ठरलं तर या गोष्टी कागदावर घ्या: तपासणीचे पैसे किती आणि काम जमलं नाही तर ते परत मिळणार का, काम इंडेक्स बांधायचं की कार्डातून डेटा काढायचा, पैसे देण्याआधी किमान अर्ध्या मिनिटाचा आवाजासह नमुना पाहायला मिळणार का, कार्ड आणि प्रती परत केव्हा. ‘डेटा नाही तर पैसे नाहीत’ असं तोंडी सगळेच म्हणतात. पण शून्य बाइटच्या चार फाइली पेनड्राइव्हवर टाकून दिल्या, तर तो डेटा धरायचा का, यावरच भांडण होतं. म्हणून ‘चालणारा व्हिडिओ, इतकी मिनिटं’ असं लिहून घ्या. बिल जीएसटीसकट मागा.

पैसे घेऊन काम न केल्यास किंवा कार्ड अडकवून ठेवल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क लागत नाही. लग्नाचं चित्रीकरण ज्याच्याकडे दिलं होतं त्याची बॅटरी गेली असेल, तर दुरुस्तीचा खर्च त्याने सोसायचा. तसं करारात लिहिलेलं नसलं तरी सेवेतली त्रुटी म्हणून त्याच्याकडे मागता येतो.

सांगलीच्या संस्थेने वाचलेल्या पैशांतून दोन नव्या बॅटऱ्या घेतल्या. आता ती मंडळी प्रवेश बदलताना दिवे गेले की रेकॉर्डिंग थांबवून पुन्हा सुरू करतात, म्हणजे बिघडलीच तर दहा-बारा मिनिटांचीच फाइल बिघडेल. तुमच्याकडे अशी न उघडणारी फाइल जुन्या कार्डावर किंवा हार्ड डिस्कवर पडून असेल, तर ती पुसू नका. आकार शाबूत असेल तर पाच वर्षांनीही तिचा इंडेक्स तसाच बांधता येतो. फक्त त्या कॅमेऱ्याची, त्याच सेटिंगची एक चांगली फाइल तिच्याशेजारी जपून ठेवा.